पैसे मोजण्याआधी लॅपटॉप उलटा करून बघा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड घ्या किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली घ्या, जुन्या लॅपटॉपच्या दुकानात काउंटरवर जी थप्पी लागलेली असते ती बहुतेक ऑफिसांतून आलेली असते. कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात. जुने लॉटमध्ये विकले जातात, मग ते पुसले जातात, त्यांत विंडोज टाकलं जातं आणि ‘ए ग्रेड’ म्हणून ते काचेच्या कपाटात बसतात. हा माल वाईट नसतो. नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा तो बांधणीला अनेकदा दणकट असतो. पण गिऱ्हाईक झाकणावरचे ओरखडे बघून भाव करतं, आणि खरे दोष ओरखड्यांत कधीच नसतात.

माझं साधं गणित असं आहे. बॅटरी, एसएसडी, रॅम, कीबोर्ड या वस्तू बदलता येतात, म्हणून त्यांतला दोष म्हणजे फक्त भाव खाली आणायचं कारण. मदरबोर्ड आणि कुलपं मात्र बदलत नाहीत. तिथे दोष निघाला तर भाव करू नये, सरळ उठावं. म्हणून तपासणी कुलपापासून सुरू करायची, स्क्रीनपासून नव्हे.

उदाहरणाला लेनोवोचा थिंकपॅड टी४८० घेऊ. हा २०१८ सालचा लॅपटॉप, या बाजारात ढिगाने मिळणारा. दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे’ एवढंच सांगेल, पण पिढी विचारा. टी४८०मध्ये बहुतेक आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, आय५-८३५०यू सारखा, चार कोअरचा. त्याच्याच शेजारी ठेवलेल्या टी४७०मध्येही आय-फाइव्हच असतो, पण सहाव्या-सातव्या पिढीचा आणि दोन कोअरचा. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दोन्ही लॅपटॉप दिसायला सारखे, पण त्या एका आकड्याने दोघांचं आयुष्य वेगळं ठरतं.

आता कुलपं. लॅपटॉप बंद करून चालू करा आणि लेनोवोचं चिन्ह दिसताच एफ१ दाबत राहा. डेलमध्ये हीच गोष्ट एफ२ने होते. बायोस उघडलं पाहिजे. पासवर्ड मागितला, तर विषय संपला. कधीकधी तिथे नुसतं एंटर दाबून आत जाता येतं आणि दुकानदार म्हणतो, “बघा, उघडलं की!” पण ते फक्त वाचण्यापुरतं उघडलेलं असतं, काही बदलता येत नाही. म्हणून आत Security मध्ये जाऊन Supervisor Password समोर Enabled आहे की Disabled ते वाचा. हा पासवर्ड विसरला गेला, तर लेनोवोचं अधिकृत उत्तर ‘मदरबोर्ड बदला’ एवढंच आहे. त्याच पानावर Absolute किंवा Computrace नावाची नोंद असते. ही चोरी झालेला लॅपटॉप शोधायची आणि दुरून बंद करायची सोय. ती Disabled किंवा Permanently Disabled असेल तर ठीक. नुसतं Enabled असणं हा पुरावा नाही, पण Activated असं दिसलं, तर लॅपटॉप अजून कुणाच्या तरी यादीत आहे असं समजा.

दुसरं कुलूप जास्त फसवं, कारण दुकानात ते दिसतच नाही. मोठ्या कंपन्या लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवून ठेवतात. या सोयीचं नाव ऑटोपायलट. अशा लॅपटॉपवर विंडोज नव्याने बसवताना इंटरनेट जोडलं, की पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागितला जातो. इंटरनेट न जोडता विंडोज बसवलं, तर यातलं काहीच होत नाही. दुकानातल्या पोऱ्याने नेमकं तेच केलेलं असतं, बहुतेक वेळा नकळत. लॅपटॉप छान चालतो, तुम्ही घरी नेता, वर्षभराने रिसेट मारता आणि अचानक समोर कुठल्या तरी बँकेचं लॉगिन उभं राहतं. नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते. यावर उपाय असा: आदल्या दिवशी दुकानदाराला फोन करून सांगा की लॅपटॉप रिसेट करून पहिल्या ‘देश निवडा’ या पडद्यावर आणून ठेवा, पुढचं सेटअप मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करीन. वैयक्तिक खात्याचा पर्याय आला, तर वाट मोकळी. दुकानदार ‘नेट लावू नका, उगाच अपडेट येतात’ म्हणाला, तर कान टवकारा.

विंडोज उघडलं की स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल उघडा आणि हे दोन आदेश द्या:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select SerialNumber
powercfg /batteryreport
```

पहिल्याने मदरबोर्डमध्ये नोंदलेला सिरियल नंबर मिळतो. आता लॅपटॉप उलटा करा आणि खालच्या स्टिकरशी तो ताडून बघा. दोन्ही जुळले पाहिजेत. जागा रिकामी असेल किंवा INVALID असं काही असेल, तर बोर्ड बदललेला आहे आणि बदलणाऱ्याने काम अर्धवट सोडलंय. नंबर वेगळाच असेल, तर दोन लॅपटॉपचा मिळून एक केलेला आहे. जुळलेला नंबर लेनोवोच्या सपोर्ट साइटवर टाकला की तो कारखान्यातून कोणता प्रोसेसर आणि कोणता स्क्रीन घेऊन निघाला ते कळतं. टी४८० साध्या १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनसहही विकला जात होता. तुटलेल्या चांगल्या स्क्रीनच्या जागी तो स्वस्त पॅनल बसवलेला असू शकतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० दिसतं का, एवढं बघितलं की पुरे.

दुसऱ्या आदेशाने बॅटरीचा अहवाल तयार होतो आणि फाइल कुठे ठेवली ते पडद्यावरच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. टी४८०ची गंमत म्हणजे त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत पक्की आणि एक मागे काढता येणारी. समजा अहवालात आतल्या बॅटरीची Design Capacity २४,००० आणि Full Charge Capacity १९,२०० दिसली. म्हणजे ती ८० टक्के उरली आहे, उत्तम. बाहेरची २४,०००ची असून ९,६०० दाखवत असेल, तर ४० टक्केच. ती लवकरच बदलावी लागणार, म्हणून तिची किंमत आत्ताच भावातून वजा करा.

पण अहवाल म्हणजे बॅटरीने स्वतःबद्दल दिलेली साक्ष. स्वस्त नकली बॅटऱ्या ती खुशाल खोटी देतात. म्हणून चार्जर काढून ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि अर्धा तास व्हिडिओ चालू द्या. असा लॅपटॉप व्हिडिओला साधारण १० वॅट खातो असं धरलं, तर अर्ध्या तासात ५,००० मिलिवॅट-तास जातील. वरच्या दोन बॅटऱ्यांची बेरीज २८,८००, म्हणजे चार्ज १७-१८ टक्क्यांनी उतरायला हवा. थोडं इकडेतिकडे चालेल. तीस-चाळीस टक्के गेले, किंवा आकडा साठवरून एकदम पंचेचाळीसवर उडी मारून आला, तर अहवाल बाजूला ठेवा. याच वेळी आणखी एक परीक्षा फुकटात होते. व्हिडिओ चालू असतानाच मागची बॅटरी खटका सरकवून काढून घ्या. टी४८० आतल्या बॅटरीवर चालत राहिला पाहिजे, तो मुळात तसाच बनवलेला आहे. पडदा काळा झाला, तर आतली बॅटरी मेलेली आहे किंवा तिची जोडणी गेली आहे.

त्यानंतर चार्जिंगचं तोंड. माझ्या मते टी४८० घेताना सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. डाव्या बाजूला यूएसबी-सीची दोन तोंडं आहेत आणि दोन्हींतून चार्जिंग होतं. दोन्ही थेट मदरबोर्डला डाखलेली. ऑफिसात वर्षानुवर्षं रोज पिन आत-बाहेर झालेली असते, पायात वायर अडकून हिसके बसलेले असतात. दोन्ही तोंडांत आळीपाळीने चार्जर लावा आणि पिन हलकेच वर-खाली हलवा. चार्जिंगची खूण लुकलुकली, तर टाका सुटत चालला आहे. शिवाय यातलं एक तोंड थंडरबोल्टचं, आणि या पिढीच्या थिंकपॅडमध्ये त्याच्या फर्मवेअरमध्ये मूळचाच दोष होता. काही काळाने त्या तोंडातून चार्जिंग थांबायचं, कधी एचडीएमआयवर चित्र येणंही बंद व्हायचं. लेनोवोने पुढे दुरुस्तीचं अपडेट दिलं, पण ते वेळेवर न टाकलेले लॅपटॉप बाजारात अजून फिरताहेत. दुकानातलाच एखादा मॉनिटर एचडीएमआयने जोडून बघा, दोन मिनिटांचं काम.

बोर्डची शेवटची परीक्षा तापवून घ्यायची. चार्जर लावून सेव्हन-झिपमधला बेंचमार्क दहा मिनिटं चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघत बसा. पंखा ओरडेल, तळ गरम होईल, ते चालतं. आय५-८३५०यूचा मूळ वेग १.७ गिगाहर्ट्झ आहे, त्याच्या खाली तो सतत राहता कामा नये. वेग ०.४ किंवा ०.८वर येऊन तिथेच अडकला, तर आधी दुसरा, खात्रीचा ६५ वॅटचा चार्जर लावून बघा, कारण नकली चार्जरनेही असं होतं. तरीही अडकला, तर दोष बोर्डात आहे.

दुकानदार तयार असेल तर खालचं झाकण उघडायला सांगा. आधी मागची बॅटरी काढायची, आणि आतली बायोसमधून बंद करायची, तशी सोय तिथे आहे. आत कनेक्टरभोवती पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी दिसली, तर कधीतरी चहा-पाणी सांडलेलं आहे. एखाद्या चिपभोवती पिवळट चिकट फ्लक्स असेल, तर तिथे दुरुस्ती झालेली आहे. पाणी लागलेला बोर्ड आज चालतो आणि पुढच्या पावसाळ्यात दगा देतो. स्वस्तात मिळाला तरी असा घेऊ नका.

बाकीचं भराभर उरकता येतं. नोटपॅडमध्ये प्रत्येक की दाबायची, पांढऱ्या पानावर स्क्रीनचे डाग बघायचे, कॅमेरा आणि माइक मोबाइलवर एक कॉल करून ऐकायचा, बिजागरी उघडताना करकरते का बघायचं. पेन ड्राइव्हवर क्रिस्टल-डिस्क-इन्फो नेलंत, तर एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते. ती ऐंशीच्या खाली असेल, तर एसएसडी बदलायची धरूनच भाव बोला. आठ वर्षांच्या लॅपटॉपमध्ये डिस्क बाराच तास चाललेली दिसली, तर दचकू नका. दुकानदाराने नवी टाकलेली असते. फक्त कोणत्या कंपनीची ते विचारा.

एवढ्या सगळ्याला दीड तास लागतो. सकाळी, दुकानात गर्दी नसताना जा. पैसे देण्याआधी बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि ‘टेस्टिंग वॉरंटी’चे दिवस लिहून घ्या आणि दुकानाचा शिक्का मारून घ्या. सिरियल नंबर लिहून द्यायला जो नकार देतो, त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नका.