‘आपण बघू’ म्हणजे नेमकं कोण बघणार?

“हां, त्या जर्मनीवाल्याला कळव, दोनशे चाळीसातले पावणेदोनशे नग तयार हायत. बाकीच्यांत ब्लोहोल निघाले, परत ओतायला लागतील. आठ दिवसांत करून टाकतो म्हणावं. त्ये विमानानं पाठवायचं झालं तर भाड्याचं आपण बघू.”

मागे भट्टीचा आवाज, मध्येच कुणाला तरी दिलेली हाक. शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या मालकांचे असे व्हॉइस नोट मी मेलमध्ये उतरवतो. आधी फोन त्याचा मजकूर करून देतो, आणि पहिला घोळ तिथेच होतो. या वेळी ‘पावणेदोनशे’चं नुसतं ‘दोनशे’ झालं होतं. वाक्य वाचायला अगदी सरळ, म्हणून संशय येत नाही. त्यामुळे पावणे, सव्वा, दीड, अडीच कानावर आले की मूळ आवाज पुन्हा ऐकायचा आणि वजाबाकी करायची. १७५ तयार, म्हणजे ६५ बाकी. मेलमध्ये दोन्ही आकडे लिहायचे. एक चुकला तर बेरीज २४० होत नाही आणि चूक लगेच दिसते.

‘आठ दिवस’ म्हणजे आपल्याकडे आठवडा, तोही सैलसा. शिवाय ‘करून टाकतो’ म्हणजे काय? ओतून होतील, की ओतून, घासून, तपासून गाडीत चढतील? जर्मन खरेदीदार त्या तारखेवर स्वतःची जुळणी लावून बसतो. म्हणून मालकांना विचारून माल निघण्याची तारीख घ्यायची, आणि महिना अक्षरात लिहायचा. ५/६ हे अमेरिकेत ६ मे होतं. मालक ‘बहुतेक’ म्हणाले तर मेलमध्येही ते ‘बहुतेक’ राहू द्यायचं. गुळगुळीत इंग्रजीत अंदाजाचं वचन होऊन बसतं. कास्टिंगच्या भोकात लांबी भरून वर रंग मारावा, तसलाच तो प्रकार.

पण या निरोपातला सगळ्यात महाग शब्द होता ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. इथे ऐकणारा मी, की तो जर्मन? पहिल्या अर्थानं भाडं फाउंड्रीचं, दुसऱ्या अर्थानं दोघांनी मिळून ठरवायचं. व्यवहार एफओबी न्हावा शेवा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आमचा, पुढचं भाडं घेणाऱ्याचं. त्यात विमानाचं भाडं अंगावर घेतलं, तर ठरलेला सौदाच बदलतो.

फोन लावला. “मालक, आपण म्हणजे कोण?”

“आपणच की! भोकं आपल्या मालात हायत.”

मग लिहिलं : १७५ नग ठरल्याप्रमाणे समुद्रमार्गे; ६५ नगांत आमच्याच तपासणीत ब्लोहोल आढळले; त्याबद्दल दिलगिरी, एकदाच; ते विमानानं पाठवल्यास भाडं आमच्याकडे. पाठवण्याआधी मालकांना हे मराठीत वाचून दाखवलं. “फक्त या ६५ चंच म्हणून लिही,” ते म्हणाले. ते राहिलंच होतं.