रेखाचित्रातला चेहरा नेमका कुणाचा?



वर्तमानपत्रात संशयिताचं रेखाचित्र छापून आलं की घराघरात कुणीतरी म्हणतंच, "हा तर अमक्यासारखा दिसतो!" असं का होतं, ते आम्ही गटाच्या बैठकीत करून पाहिलं. दर महिन्याला आपली बचत भरून घेणाऱ्या बँकेतल्या कॅशियरचं वर्णन प्रत्येकीनं करायचं. "सावळा, गोल चेहरा, बारीक मिशी," यापुढे कुणाची गाडी जाईना. नाक कसं, कपाळ केवढं, कुणालाच सांगता येईना. तोच माणूस बाजारात दिसला असता, तर आम्ही लांबूनही ओळखला असता.

आपण चेहरा अख्खा ओळखतो, नाक-डोळे सुटेसुटे लक्षात ठेवत नाही. चित्र काढायचं तर मात्र एकेक भाग विचारावा लागतो. साक्षीदार सांगते ते शब्द शेकडो माणसांना लागू पडतात. जे आठवत नाही, तिथे साधारण नाक, साधारण ओठ येतात. म्हणून ते चित्र अनेकांसारखं दिसतं.

यातून काय होऊ शकतं, ते ऐका. 1984 साली अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात जेनिफर थॉम्पसन या 22 वर्षांच्या विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. पुढे ओळखता यावं म्हणून तिनं त्या माणसाचा चेहरा मुद्दाम निरखून पाहिला. तिच्या सांगण्यावरून चित्र तयार झालं. ते पाहून कुणीतरी पोलिसांना रोनाल्ड कॉटनचं नाव सांगितलं. फोटोंमधून तिनं बराच विचार करून त्यालाच निवडलं. मग समोर उभ्या केलेल्या माणसांतूनही त्यालाच. दोन्ही वेळा तोच, असं पोलिसांकडून कळल्यावर तिची खात्री आणखी पक्की झाली. कॉटनला जन्मठेप झाली.

पुढे दुसऱ्या खटल्यात बॉबी पूल नावाच्या कैद्याला तिच्यासमोर आणलं, तेव्हा याला कधी पाहिलंच नाही, असं ती म्हणाली. 1995 साली डीएनए तपासणीत गुन्हेगार पूलच निघाला. कॉटनची दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

ती खोटं बोलत नव्हती. पुन्हा पुन्हा पाहिलेला कॉटनचा चेहराच तिच्या आठवणीत खऱ्या माणसाच्या जागी जाऊन बसला होता.

म्हणून आपल्यापैकी कुणावर साक्षीदार व्हायची वेळ आली, तर शेजारणीशी चर्चा करण्याआधी, कुणाचा फोटो पाहण्याआधी, जे दिसलं ते आपल्या शब्दांत लिहून काढावं. जे आठवत नाही, ते "आठवत नाही" असंच सांगावं. ओळख परेडमध्ये तो माणूस नसूही शकतो, हे मनात धरूनच बघावं. आणि रेखाचित्रावरून गावातल्या कुणावर बोट ठेवू नये. ते चित्र तपासाला दिशा देतं, गुन्हा सिद्ध करत नाही.