कौतुक नको, प्रसंग सांगा

दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या जाहिरातीत एखादं गिऱ्हाईक ताठ बसून म्हणतं, 'इथली सेवा अतिशय उत्तम आहे, मी सर्वांना येथे येण्याची विनंती करते.' बघणारा तिसऱ्या सेकंदाला पुढे सरकतो. बाई खोटं बोलत नसतात, पण वाक्य त्यांचं नसतं. ते कुणीतरी लिहून दिलेलं किंवा आधी पाठ करून घेतलेलं असतं. कॅमेऱ्याची सवय नसलेल्या माणसाला पाठ केलेलं बोलायला लावलं की त्याचं सगळं लक्ष आठवण्यात जातं आणि चेहरा कोरा पडतो. त्याच माणसाला घडलेलं काही विचारलं, तर तो रोजच्या भाषेत आणि हातवारे करत बोलतो. अनुभवाच्या व्हिडिओचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे.

तालुक्याच्या गावातल्या चष्म्याच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी तिथून प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा घेतला आहे. अशा काचेत वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसतं. दुकानदाराला त्यांचा पाऊण मिनिटाचा व्हिडिओ हवा आहे.

शूटच्या आदल्या दिवशी काकूंशी फोनवर दहा मिनिटं बोलावं. हेतू एवढाच, की त्यांच्या आयुष्यात चष्म्यामुळे नेमकं काय बदललं ते कळावं. प्रश्न सांगू नयेत, नाहीतर रात्रभर उत्तरं घोकली जातात. फोनवर त्या चांगलं काही सांगू लागल्या, तर 'हे उद्या सविस्तर बोलू' म्हणून थांबवावं. एकदा रंगवून सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा तशीच रंगत नाही.

जागा शक्यतो त्यांच्या शिवणयंत्राजवळची घ्यावी. ओळखीच्या जागी माणूस सैल बसतो आणि हात दाखवायला कामही समोर असतं. खिडकी त्यांच्या एका बाजूला येईल अशी खुर्ची ठेवावी आणि वरची ट्यूब बंद करावी. इथे चष्म्याची खास अडचण येते. काचेत खिडकीचा पांढरा चौकोन उमटला की डोळे दिसत नाहीत, आणि डोळे दिसले नाहीत तर बोलण्यावर विश्वास बसत नाही. काचेतला चौकोन जाईपर्यंत खुर्ची थोडी थोडी वळवत राहावी. दिवे लावावेच लागले, तर मोबाइलमध्ये शटर १/५० वर पक्कं करावं. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे काही दिवे डोळ्यांना न कळता लुकलुकतात आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यावं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा आणि पदर त्यावर घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐकावं. पंखा बंद करावा. शूट दुकानात असेल तर पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबाही बंद करावा. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपावा. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला तो लागतो.

प्रश्न विचारणाऱ्याने कॅमेऱ्याला अगदी चिकटून, काकूंच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं. काकूंनी त्याच्याशी बोलायचं, भिंगाकडे बघायचं नाही. कॅमेरा गप्पा चालू असतानाच सुरू करावा, 'अ‍ॅक्शन' म्हणू नये. मालकांना त्या खोलीत थांबू देऊ नये, कारण ते समोर असले की स्तुतीच बाहेर येते. आपला आवाज नंतर कापला जाणार असतो, म्हणून 'उत्तरात प्रश्नही येऊ द्या' असं एकदा सांगून ठेवावं.

'चष्मा कसा वाटला?' असं विचारलं तर उत्तर 'छान' इतकंच येईल. त्याऐवजी विचारावं, 'काकू, चष्मा नव्हता तेव्हा सुईत दोरा कसा ओवायचात?'

'दोरा ओवायला ना, मी शेजारच्या मुलीला हाक मारायचे. ती शाळेत गेली की म्हणजे, तसं बघा, काजं-बटणांचं काम संध्याकाळपर्यंत अडून राहायचं.'

'आणि आता?'

'आता मीच ओवते.'

इथे लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. मान हलवत तीन-चार सेकंद थांबावं. उत्तर संपलं असं आपल्याला वाटतं, पण समोरचं माणूस अजून त्याच आठवणीत असतं. काकू हसून म्हणतात, 'परवा ती पोरगी विचारत होती, काकू, तुम्ही मला आता बोलवतच नाही.' हे वाक्य कुणाला लिहून देता आलं नसतं.

अडचणही विचारावी. काकू सांगतात, 'पहिले आठ दिवस जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटायची. दुकानात सांगितलं, मान खाली घालून बघा, मग जमलं.' मालक हे काढायला सांगतील, पण ते ठेवावं. प्रोग्रेसिव्ह काचेची सवय व्हायला वेळ लागतो हे खरंच आहे, आणि त्रास सांगणाऱ्या माणसाचं कौतुकही खरं वाटतं.

गप्पा झाल्या की हातांची दृश्यं घ्यावीत: सुईत जाणारा दोरा, चाकावरचा हात, काज घालताना वाकलेली मान. प्रत्येक दृश्य दहा सेकंद न हलवता घ्यावं.

साधारण बारा मिनिटांचं बोलणं आता पाऊण मिनिटात बसवायचं असतं. सावकाश मराठीत पाऊण मिनिटात नव्वद-शंभर शब्द मावतात. म्हणून आधी सगळं बोलणं कागदावर उतरवून चांगल्या वाक्यांखाली रेघ मारावी. काकूंचा क्रम सोपा आहे. मुलीला हाक मारायची वेळ, अडलेलं काम, पायरीची अडचण, 'आता मीच ओवते', आणि शेवटी पोरीचा प्रश्न. नमस्कार, नाव, 'मी गेली वीस वर्षं' हे सगळं गाळावं. नाव आणि काम पडद्यावरच्या पट्टीत येतं. दुकानाचं नाव शेवटच्या तीन सेकंदांत पुरतं.

'म्हणजे, तसं बघा' कापलं की चित्रात डोकं टुणकन उडी मारतं. त्या जागी सुई-दोऱ्याचं दृश्य ठेवावं आणि बोलणं खाली चालू राहू द्यावं. कात्री श्वासानंतर लावावी. श्वासाच्या मध्ये लावली तर माणूस दचकल्यासारखं ऐकू येतं. सगळेच 'म्हणजे' मात्र काढू नयेत, एखाद-दुसरा राहिला की बोलणं माणसाचं वाटतं. अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून शब्द खाली मराठीत द्यावेत, आणि ते काकूंच्याच बोलीत द्यावेत.

एक सीमा कधीच ओलांडू नये. दोन वेगळ्या उत्तरांचे तुकडे जोडून त्या बोलल्याच नाहीत असा अर्थ तयार करायचा नाही. डोळे तपासून घेतले असतील, तर 'नजर सुधारली' असं ऐकू येईल अशी जोडणी चालणार नाही. चष्म्याने दिसतं, नजर बरी होत नाही.

दवाखान्याच्या बाबतीत तर कायदाच आड येतो. नोंदणीकृत अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांना रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांवर औषधाने गुण येतो अशी जाहिरात १९५४ च्या जादूई उपचारविरोधी कायद्याने गुन्हा ठरते. त्यामुळे 'माझी साखर गेली' असं सांगणाऱ्या रुग्णाचा व्हिडिओ करायला नकारच द्यावा. दवाखान्याला काही दाखवायचंच असेल, तर आधी आपल्या परिषदेचे नियम विचारून घ्यावेत.

तयार व्हिडिओ मालकांच्या आधी काकूंना दाखवावा आणि तो कुठे कुठे दिसणार हे सांगून लेखी परवानगी घ्यावी. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं, तर कितीही चांगलं असलं तरी ते काढावं. चेहरा त्यांचा आहे, आणि गावात त्यांना रोज वावरायचं आहे.