टाळू शिवला, पण बाळाला नीट ऐकू येते का?

टाळू दुभंगलेले बाळ जन्मले की घरच्यांना पहिली काळजी असते नाकातून परत येणाऱ्या दुधाची. कानाकडे लक्ष जात नाही, कारण बहुतेकदा कान दुखतही नाही आणि वाहतही नाही.

मधल्या कानातून नाकाच्या मागे एक बारीक नळी जाते. आपण गिळतो तेव्हा टाळूचा स्नायू ती उघडतो व कानात हवा जाते. दुभंगलेल्या टाळूत हा स्नायू नीट जोडलेला नसतो. नळी उघडत नाही आणि पडद्यामागे पाणी साचते.

समजा, चांदूर बाजारचे असे आठ महिन्यांचे बाळ आहे. दार आपटले की ते दचकते, म्हणून घरचे निर्धास्त. पण मागून हळू हाक मारली तर वळत नाही. अशा पाण्यामुळे ऐकणे साधारण २० ते ३० डेसिबलने घटते. मोठे आवाज पोहोचतात, ‘स’, ‘फ’ निसटतात. पुढे बोलणे अस्पष्ट राहिले की सारा दोष टाळूवर जातो.

जन्मानंतरची कानाची चाचणी ‘पास’ असली तरी पाणी नंतर साचू शकते, टाळू शिवल्यावरही राहू शकते. म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा हवी. टिम्पॅनोमेट्रीत दाब बदलून पडदा हलतो का ते पाहतात. आलेख सपाट आला तर पाण्याची शंका. ऐकणे किती घटले, हे वेगळ्या चाचणीने कळते. गरज पडल्यास पडद्यात ग्रोमेट ही छोटी नळी बसवतात, अनेकदा टाळूच्या शस्त्रक्रियेच्याच भुलेत. ती बहुधा वर्षभरात आपोआप गळते, मग पाणी परत येऊ शकते.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या आरबीएसके पथकाला टाळूबरोबर कानाचेही सांगा आणि अमरावतीला तपासणीसाठी चिठ्ठी मागा.