बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना

शेतातल्या टाकीवर पाण्याची पातळी सांगणारा वायफायचा बोर्ड बसवायचा, तर वीज बहुधा सोलर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्यावी लागते. बोर्डाला मात्र ५ व्होल्टच हवे असतात. दुकानात यासाठी दोन गोष्टी मिळतात: तीन पायांचा ७८०५ हा लिनियर रेग्युलेटर, किंवा बोटभर लांबीचं बक कन्व्हर्टरचं मॉड्यूल. ७८०५ स्वस्त, दोन कपॅसिटर जोडले की झालं. म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. पण निवड करण्यापूर्वी एक गुणाकार करून बघायला हवा.

लिनियर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. बोर्डाकडे जाणारा सगळा करंट त्याच्यातूनच जातो, त्यामुळे जास्तीचे व्होल्ट गुणिले करंट एवढे वॉट त्याला सतत सोसावे लागतात. ईएसपी३२ चा बोर्ड वायफाय चालू असताना सरासरी १२० मिलिअँपिअर घेतो असं धरू. ७ गुणिले ०.१२ म्हणजे ०.८४ वॉट. आकडा किरकोळ वाटतो, पण हीटसिंक नसलेला नेहमीचा ७८०५ एका वॉटला भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ६५ अंशांनी तापतो. म्हणजे इथे ५५ अंशांची वाढ. विदर्भातल्या मे महिन्यात बंद डब्यातली हवा सहज ५० अंशांवर जाते. चिपच्या आतलं तापमान झालं १०५. मर्यादा १२५ ची असते, तेव्हा अजून तरी निभावलं.

पण '१२ व्होल्ट'ची बॅटरी भर उन्हात चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते. त्यात मोटरच्या स्टार्टरला इशारा देणारा छोटा रिले ओढला गेला, की आणखी ७० मिलिअँपिअर लागतात. आता ९.४ गुणिले ०.१९, म्हणजे जवळजवळ १.८ वॉट. हिशेबाने आतलं तापमान १६० च्याही पुढे जातं. तिथवर पोचण्याआधीच ७८०५ स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट तोडतो, थोडा निवला की पुन्हा देतो. बोर्ड बंद पडतो, सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. सकाळी सगळं सुरळीत आणि दुपारी रिले ओढला की बिघाड, असं दिसलं तर कोडमधली चूक शोधण्याआधी रेग्युलेटरचं तापमान बघावं. बोर्ड लॅपटॉपला जोडलेला असेल तर अशा वेळी पडद्यावर `Brownout detector was triggered` ही ओळही येऊ शकते. व्होल्टेज खाली गेल्याची ती खूण.

हीटसिंक लावून यातून सुटका होते, पण बॅटरीची नाही. १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट घेताना निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेतच जाते.

बक कन्व्हर्टर उष्णता करून टाकण्याऐवजी बॅटरीची जोडणी भराभर चालू-बंद करतो. एलएम२५९६ ही चिप सेकंदाला दीड लाख वेळा हे करते. चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद असताना तीच कॉइल ती बोर्डाला देते, आणि कपॅसिटर चढउतार सपाट करतो. सुमारे ८० टक्के ऊर्जा बोर्डापर्यंत पोचते. म्हणून तोच बोर्ड ७८०५ वर बॅटरीतून साधारण १२५ मिलिअँपिअर ओढतो, आणि बकवर जेमतेम ६५. ७ अँपिअर-अवरची बॅटरी ढगाळ हवेत कागदावर ५६ तासांऐवजी शंभरावर तास चालेल. अशा टाकीसाठी मी बकच घेईन.

त्याची अडचण वेगळी आहे. या चालू-बंदीची बारीक थरथर आउटपुटमध्ये उरते. पाणी स्थिर असूनही सेन्सरचं रीडिंग वरखाली होत असेल, तर संशय तिच्यावर घ्यावा. इथे लिनियर रेग्युलेटर पुन्हा उपयोगी पडतो. बकने ५ व्होल्ट करायचे आणि त्यातून ३.३ व्होल्ट लिनियरने काढून सेन्सरला द्यायचे. उतार थोडा असल्याने उष्णताही थोडीच होते आणि थरथर बरीच कमी होते. ईएसपी३२ च्या बहुतेक तयार बोर्डांवर असा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आधीच बसवलेला असतो. नुसता १०-२० मिलिअँपिअरचा सेन्सरच चालवायचा असेल, तर मात्र थेट ७८०५ ही पुरेसा आहे, कारण तो फारसा तापत नाही.

बकचं मॉड्यूल नवं आणलं, की ते बोर्डाला लगेच जोडू नये. त्यावरचा छोटा पितळी स्क्रू कुठल्याही व्होल्टेजवर असू शकतो, अगदी १० किंवा ११ वरसुद्धा, आणि तेवढ्याने बोर्ड कायमचा जातो. आधी फक्त बॅटरी जोडावी, आउटपुटला मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत ५ वर आणावं. तो बरेच वेढे फिरतो, सुरुवातीला आकडा हललाच नाही तरी फिरवत राहावं. मग स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकावा, म्हणजे मोटरच्या हादऱ्याने तो सरकत नाही.