ठिणगी पडणार कुठे?

बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आग विझवण्याच्या पाइपचा एक ब्रॅकेट वेल्ड करायचा आहे. काम वीस मिनिटांचं. त्या मजल्यावर सिमेंट आणि विटांखेरीज काही नाही, त्यामुळे वेल्डरला परवान्याचा कागद हा उगाच खोळंबा वाटतो. पण पाइप ज्या शाफ्टमधून वर येतो त्याची फट अजून बुजवलेली नाही, आणि बरोबर खालच्या मजल्यावर रंगाऱ्यांनी थिनरचे डबे ठेवलेत. शेजारी एसीच्या डक्टवर लावायच्या फोमच्या गुंडाळ्या आहेत. हॉट वर्क परमिट भरायचं ते या खालच्या मजल्यासाठी.

वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग, टॉर्चने गच्चीवर मेम्ब्रेन चिकटवणं, ही सगळी या परमिटखाली येणारी कामं. अर्ज कंत्राटदाराचा सुपरवायझर करतो. मंजुरी त्या जागेची जबाबदारी असलेला इंजिनियर देतो आणि सेफ्टी ऑफिसर तपासतो. काम करून घेणारा आणि परवानगी देणारा एकच माणूस असता कामा नये. जागेच्या रकान्यात नुसतं ‘बी विंग’ लिहिलं असेल तर अर्ज परत करावा. तिसरा मजला, पूर्वेकडचा शाफ्ट, सकाळी १० ते ११, इतकं नेमकं हवं. आणि सही ऑफिसात बसून नको, जागेवर उभं राहून, शाफ्टमध्ये डोकावून झाली पाहिजे.

जगभर वापरला जाणारा साधा नियम असा, की कामाच्या चहूबाजूंना सुमारे ११ मीटरपर्यंत जळाऊ काही ठेवायचं नाही. त्यात भिंतीपलीकडची खोली आणि फटीतून दिसणारा खालचा मजलाही धरायचा. आपल्या उदाहरणात डबे आणि फोम हलवायचे, शाफ्टची फट बंद करायची आणि जे हलवता येत नाही त्यावर फायर ब्लँकेट टाकायचं. तिथे ताडपत्री चालत नाही, कारण साधी ताडपत्री स्वतःच पेटते.

डबे हलवले तरी सांडलेल्या थिनरची वाफ मागे राहते, म्हणून गॅस डिटेक्टर लावायचा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. डिटेक्टर छातीच्या उंचीवर धरून घेतलेली नोंद फसवी असते. हवेत वाफेचं जे किमान प्रमाण झालं की ती पेट घेऊ शकते, त्याच्या १० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर काम बंद. बऱ्याच साइटवर शून्याचाच आग्रह धरतात आणि तो मला योग्य वाटतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचं, कारण मधल्या वेळात कुणीतरी डबा उघडलेला असू शकतो. या यंत्राची एक मर्यादा मात्र विसरू नये: ते फक्त वाफ ओळखतं. समोर फोमचा ढीग असला तरी त्याचा आकडा शून्यच दाखवेल.

आणि फोमचंच भय मोठं आहे. दक्षिण कोरियातल्या इचॉन इथे २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या गोदामाला आग लागून ३८ कामगार गेले. वेल्डिंगची ठिणगी युरेथेन फोमवर पडल्याचं तपासात पुढे आलं. असा फोम लगेच भडकेलच असं नाही. ठिणगी आत रुतते, डोळ्यांना न दिसता धुमसत राहते आणि वेल्डर सामान आवरून गेल्यावर ज्वाळा वर येते.

म्हणून परमिटवर ‘फायर वॉचर’चं नाव लागतं. हा माणूस वेल्डरचा हेल्पर नसावा. त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नये. हाताशी तपासलेलं एक्स्टिंग्विशर, आवाज दिला की काम थांबवण्याचा अधिकार आणि बाहेर पडायची मोकळी वाट त्याच्याकडे हवी. आपल्या कामाला असे दोघं लागतील, एक वर आणि एक खालच्या मजल्यावर. वेल्डिंग संपलं की त्यांची ड्यूटी संपत नाही. पूर्वी अर्धा तास थांबण्याची पद्धत होती. अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या मानकाने २०१९ मध्ये ती मुदत किमान एक तास केली. म्हणजे ११ला काम थांबलं तर १२पर्यंत फट, फोम ठेवलेली जागा आणि ब्लँकेटखालचा भाग हात लावून पाहायचा. कुठे उबदार लागलं किंवा जळकट वास आला तर तिथला थर उघडून पाणी मारायचं.

प्रत्यक्षात इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं. काम संपल्याची आणि पाहणीनंतर परमिट बंद केल्याची, अशा दोन वेगळ्या सह्या असतात. दोन्हींवर एकच वेळ लिहिलेली सापडली, तर नंतरची पहारेदारी झालीच नाही असं धरून चालावं. परमिटची मुदत एका पाळीपुरतीच असते. मधेच खालच्या मजल्यावर रंगकाम सुरू झालं, तर वर काम अर्धवट असलं तरी ते परमिट रद्द; मोजणी, पाहणी, सह्या सगळं पुन्हा. त्यासाठी परमिटची एक प्रत कामाच्या जागी आणि एक रंगाच्या कंत्राटदाराला दिसेल अशा फलकावर लावायची.