लांबणीवर पडलेला सोहळा आणि तिकीटधारक

कार्यक्रम पुढे ढकलल्याबद्दल तिकीटधारक सहसा रागावत नाही. तो रागावतो तो आपल्या पैशाचे काय होणार हे कोणी सांगत नाही म्हणून. या दृष्टीने टोकियो ऑलिंपिकचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

२४ मार्च २०२० रोजी क्रीडास्पर्धा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा नवी तारीख ठरलेली नव्हती. आयोजकांनी ती ठरल्याचा आव आणला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यापलीकडे स्पर्धा जाणार नाहीत, एवढी मर्यादा तेवढी त्यांनी सांगितली. सहाच दिवसांनी तारीखही आली: २३ जुलै २०२१. मूळ तारीख होती २४ जुलै २०२०. एक दिवस अलीकडे का? तर दोन्ही दिवस शुक्रवारच होते! पुढील वेळापत्रकही जवळपास तसेच ठेवल्यामुळे रविवारचे तिकीट घेतलेल्याला रविवारच मिळाला. नोकरदार माणसाला रजेचा हिशेब पुन्हा मांडावा लागू नये, ही सोय साधी वाटते. पण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पैशाच्या बाबतीत मात्र कारभार तितका चोख नव्हता. आवाक्याबाहेरच्या कारणास आयोजक जबाबदार नाहीत, असे कलम तिकिटांच्या अटींत असल्यामुळे पैसे बुडणार अशी शंका आरंभीच पसरली. परताव्याच्या अर्जांसाठी जपानमध्ये मुदत ठरली ती १० ते ३० नोव्हेंबर. म्हणजे घोषणेनंतर सुमारे साडेसात महिन्यांनी. नियम मात्र सुबोध होता. ज्याला यायचे आहे त्याने काहीच करू नये, त्याचे तिकीट चालेल. ज्याला जमणार नाही त्याने मुदतीत अर्ज करावा. जपानमध्ये विकल्या गेलेल्या सुमारे ४४ लाख ५० हजार तिकिटांपैकी परत आली ती सुमारे ८ लाख १० हजार. परताव्याची वाट मोकळी केली म्हणजे सारेच त्या वाटेने धावतात, हे आयोजकांचे नेहमीचे भय येथे तरी खोटे ठरले. (पुढे जुलै २०२१ मध्ये टोकियोतील मैदाने प्रेक्षकांविनाच ठेवावी लागली, ही गोष्ट निराळी.)

आपल्याकडे नाट्यगृहाच्या दारावर ‘काही अपरिहार्य कारणास्तव आजचा प्रयोग रद्द’ एवढीच पाटी लागते. कारण कळत नाही आणि पुढचा मार्गही दिसत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘प्रमुख नट आजारी असल्याने आजचा प्रयोग येत्या रविवारी याच वेळी होईल. हीच तिकिटे व याच खुर्च्या चालतील. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी शनिवारी रात्री आठपर्यंत तिकीट खिडकीवर द्यावे. पूर्ण रक्कम तत्काळ रोख मिळेल.’ तारीख ठरली नसेल, तर ती कोणत्या दिवशी जाहीर होईल ते लिहावे, आणि तोवर थांबायची इच्छा नसलेल्याला खिडकी त्याच संध्याकाळी उघडी ठेवावी.